चिपचा कोड वेगळा काढल्यानं अपडेट लवकर येतं की नाही?

उचगावकर: अँड्रॉइड फोनात गूगलचं ट्रेबल ट्रेबल म्हणून 2017 पासून ऐकतोय. चिपचा कोड सिस्टिमपासून वेगळा केला, आता अपडेट भराभर येणार म्हणे. माझ्या फोनला नवं अँड्रॉइड यायला जवळजवळ वर्ष लागलं. अपडेट द्यायचं की नाही ही फक्त कंपनीची नियत आहे. कोडच्या वाटणीनं काही फरक पडत नाही.

सायबरचौक: राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. मी आठ वर्षं पुण्यात फोनच्या सॉफ्टवेअरवर काम केलं, त्यातली निम्मी ट्रेबलच्या आधीची. तेव्हा गूगलनं नवी आवृत्ती सोडली तरी आम्हाला तिला हात लावता यायचा नाही. आधी चिपवाले ती घेणार, आपल्या चिपचा कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स तीत बसवणार, मग ते पॅकेज आमच्याकडे येणार. चिपवाल्यांनी "या जुन्या चिपसाठी आता देणार नाही" म्हटलं की तो फोन तिथंच थांबला. आमची नियत कितीही चांगली असली तरी.

याचं कारण जोडणीत होतं. कॅमेऱ्याचा चिपवाल्यांचा भाग म्हणजे एक `.so` फाइल. ती अँड्रॉइडच्याच प्रोसेसमध्ये लोड व्हायची आणि दोन्ही बाजू एकाच हेडरवर कंपाइल झालेल्या असायच्या. गूगलनं एखाद्या स्ट्रक्चरमध्ये मधेच एक फील्ड वाढवलं, की जुनी फाइल भलत्याच जागची मेमरी वाचणार आणि कॅमेरा उघडताक्षणी सर्व्हिस कोसळणार. असा एक बिघाड मी तीन दिवस शोधत होतो. दुरुस्ती फक्त फाइल पुन्हा कंपाइल करण्याची होती, पण सोर्स आमच्याकडे नव्हता. ती फाइल यायला तीन आठवडे लागले. एका फाइलसाठी तीन आठवडे, आणि अशा फाइली डझनावारी.

अँड्रॉइड 8 मध्ये हे तोडलं. चिपचा सगळा भाग `/vendor` या वेगळ्या पार्टिशनवर गेला आणि कॅमेऱ्याचा कोड स्वतःच्या प्रोसेसमध्ये चालायला लागला. सिस्टिम त्याच्याशी ठरलेल्या, आवृत्ती-क्रमांक असलेल्या इंटरफेसमधून बोलते, उदाहरणार्थ `android.hardware.camera.provider@2.4`. एकदा जाहीर झालेला 2.4 पुन्हा बदलता येत नाही. नवं काही हवं असेल तर 2.5 काढायचा, आणि नव्या सिस्टिमनं काही वर्षं 2.4 शीही बोलता आलं पाहिजे. वेंडर बाजू आपल्याकडं काय आहे याची यादी देते, सिस्टिम आपल्याला किमान काय लागतं याची यादी देते, आणि अपडेट बसवण्याआधी दोन्ही ताडून बघितल्या जातात.

घरातलंच उदाहरण देतो. बायकोचा फोन 2019 चा, विकत घेतला तेव्हा अँड्रॉइड 9 होतं, आज 11 आहे. केबल लावून हे चालवा:

```
adb shell getprop ro.build.version.sdk
adb shell getprop ro.vndk.version
```

पहिल्याचं उत्तर 30, म्हणजे अँड्रॉइड 11. दुसऱ्याचं 28, म्हणजे अँड्रॉइड 9. याचा अर्थ वर सिस्टिम दोनदा बदलली आणि खाली चिपचा भाग 9 च्याच बांधणीचा राहिला. त्या भागाला लागणाऱ्या 9 च्या लायब्ररी 11 च्या सिस्टिमनं स्वतःसोबत आणल्या आहेत. आधीच्या पद्धतीत हे शक्यच नव्हतं. त्यामुळं "काही फरक पडत नाही" हे मला मान्य नाही.

राजारामपुरी सातवी गल्ली: माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, रोज पंधरा-वीस फोन हातातनं जातात. ट्रेबल म्हणजे गूगल आता कंपनीला न विचारता थेट प्ले स्टोअरवरनं सिस्टिम अपडेट करतं, हे खरं ना? सेटिंगमध्ये गूगल प्ले सिस्टिम अपडेट म्हणून वेगळं दिसतंय की. मग नवं अँड्रॉइडपण तसंच का देत नाहीत? म्हणजे उचगावकरांचंच खरं, अडवणारी कंपनीच.

सायबरचौक: ते मेनलाइन, 2019 मध्ये अँड्रॉइड 10 बरोबर आलं. त्यात सिस्टिमचे ठरावीक तुकडे, जसे की मीडियाचे कोडेक, थेट गूगलकडून बदलतात. अख्खी आवृत्ती त्या वाटेनं येत नाही. ट्रेबलमध्ये गूगल तुमच्या फोनला काहीच पाठवत नाही, नवी सिस्टिम बांधून देणारी कंपनीच असते. फक्त तिला आता चिपवाल्यांच्या दारात ताटकळावं लागत नाही.

दूधसंस्था, भुदरगड: आमच्या संस्थेत दूध संकलनाचं ॲप हाय. नवीन आवृत्ती आली तवा म्हणालं, अँड्रॉइड 10 च्या खाली चालणार न्हाई. माझा फोन 8 वर. पहाटे पाचला शंभरभर लोक किटल्या घिऊन रांगंत आणि ॲप उघडंना. वहीत लिवून घेतलं, पुढं चार दिस हिशेब जुळत नव्हता. आता सांगा, 8 वर ट्रेबल हाय म्हणता, मग माझा फोन पुढं का गेला न्हाई?

सायबरचौक: काका, फोन 8 घेऊनच बाजारात आला होता, की 7 वरून 8 झाला? ज्यांची विक्रीच 8 पासून सुरू झाली त्यांनाच ट्रेबल सक्तीचं होतं, 7 वरून वर आलेल्यांना नव्हतं. `ro.treble.enabled` विचारून बघा, `false` आलं तर जुन्याच पद्धतीचा आहे.

दूधसंस्था, भुदरगड: 7 वाला घेतला होता. म्हंजे माझ्यावेळी दार बंद झालेलं. आठ हजार गेलं.

गोकुळ शिरगाव पदवीधर: काका, तुम्ही ट्रेबलवाला घेतला असता तर कंपनीची गरजच नव्हती. जेनेरिक सिस्टिम इमेज, म्हणजे कुठल्याही ट्रेबल फोनसाठीची साधी अँड्रॉइड सिस्टिम, टाकायची. बूटलोडर उघडायचा, `system` फ्लॅश करायचं, वेंडरला हात लावायचा नाही. मी माझ्या 9 च्या फोनवर 12 चालवतोय. कंपन्या मुद्दाम अडवतात याचा हाच पुरावा.

राजारामपुरी सातवी गल्ली: हा पुरावा माझ्या दुकानात दर आठवड्याला येतोय भावा. "दादा, कॉलच लागत न्हाई." बघितलं तर इमेज टाकलेली. फक्त फोरजीवर चालणारं सिम, व्हीओएलटीई म्हणजे फोरजीवरनं कॉल लागायची सोय गेली की फोन नुसता डबा. एका पोरानं तर वडिलांच्या फोनवर टाकलं, वडील ऊसतोडीच्या टोळीवर, आठ दिवस घरी फोन नाही. वर बँकेचं ॲप म्हणालं, फोन सुरक्षित नाही. माझ्याकडं जुनं फर्मवेअर परत टाकून घ्यायला आले, त्यात फोटो सगळे गेले. लोकांना सांगताना हे पण सांगत जावा.

गोकुळ शिरगाव पदवीधर: ज्याला येत नाही त्यानं करू नये. त्यात ट्रेबलचा काय दोष? माझ्या फोनवर कॉल चालतात.

राजारामपुरी सातवी गल्ली: तुमच्या चालतात म्हणून सगळ्यांच्या चालतात होय? फोन बंद पडल्यावर माणूस तुमच्याकडं येत नाही, माझ्याकडं येतोय.

सायबरचौक: दुकानदारांची बाजू बरोबर आहे, आणि त्यात मुद्द्याचीच गोष्ट आहे. फोरजीवरच्या कॉलचा कोड बहुतेक फोनांत पूर्ण `/vendor` मध्ये नसतो. चिपवाल्यांचं एक ॲप सिस्टिमच्या बाजूला बसलेलं असतं आणि खालच्या मोडेमशी त्याचं आपलं खासगी बोलणं चालतं. जेनेरिक इमेजनं सिस्टिमची बाजू पुसली की ते ॲपही जातं. इंटरनेट चालतं, कॉल लागत नाही, ही त्याची खूण. म्हणजे वाटणी झाली, पण सगळीकडं रेघ सरळ पडली नाही. ती इमेज मुळात फोनची वेंडर बाजू इंटरफेसला धरून आहे का हे तपासायला काढली होती, वडिलांच्या फोनवर टाकायला नव्हे.

गोकुळ शिरगाव पदवीधर: ठीक आहे, कॉलचं मान्य. पण टाकता येतं याचाच अर्थ सिस्टिम आणि चिप वेगळी झाली. तेवढं तरी कबूल करा.

राजारामपुरी सातवी गल्ली: वेगळी झाली. कॉल मधेच अडकला.

कळंबा रोड: मी चिपच्या बाजूनं काम केलंय. सायबरचौक अर्धीच गोष्ट सांगतायत. ट्रेबलनं फोन कंपनीचं ओझं कमी केलं आणि आमचं वाढवलं. एक चिप तीन-चार वर्षं विकली जाते. पहिल्या वर्षी तिच्यावर 9 चा फोन निघाला, त्याची वेंडर बाजू 9 च्या नियमांची. पुढच्या वर्षी त्याच चिपवर 10 घेऊन नवा फोन निघाला, तर त्याला 10 चे नवे नियम, म्हणजे वेगळी वेंडर बाजू. आता सिस्टिम 11 आली की आम्ही ती 9 च्या वेंडरवर, 10 च्या वेंडरवर आणि 11 च्या नव्या वेंडरवर चालवून दाखवायची. चिप तीच, माणसं तेवढीच, जोड्या दरवर्षी वाढत्या. म्हणून चिपवाले दोन आवृत्त्यांनंतर हात वर करायचे. डिसेंबर 2020 मध्ये गूगल आणि क्वालकॉमनं ठरवलं, की चिपसाठीचे नियम एकदा गोठवायचे. पुढच्या वर्षीचा फोनही तीच वेंडर बाजू वापरू शकतो. त्यानंतरच स्नॅपड्रॅगन 888 पासून सुरुवातीची धरून चार आवृत्त्यांचा शब्द देता आला. नुसत्या 2017 च्या वाटणीनं ते जमलं नसतं.

सायबरचौक: हे मी लिहायला हवं होतं. आम्हाला फोन कंपनीत बसून तुमच्याकडच्या जोड्या दिसायच्याच नाहीत, आम्ही फक्त "पॅकेज कधी?" एवढंच विचारायचो.

कळंबा रोड: दिवसातनं दोनदा विचारायचा.

उचगावकर: सगळं वाचलं. माझ्या फोनवर तुमच्या दोन्ही ओळी चालवल्या. पहिलीला 34, दुसरीला 33. फोन 13 घेऊन आला होता. म्हणजे 14 देताना वेंडरची बांधणी 13 चीच राहिली. चिपवाल्यांची वाट बघायची नव्हती, तरी वर्ष लागलं. आता कंपनीची नियत सोडून दुसरं काय कारण सांगता?

सायबरचौक: तुमच्या फोनपुरतं चिपचं कारण मला पुढं करता येणार नाही. उरतो कंपनीचा स्वतःचा थर: त्यांचं होम स्क्रीन, त्यांचा कॅमेरा, वर घातलेली ॲप्स. ते सगळं 14 वर आणून तपासायला वेळ लागतो, पण वर्ष नाही. बहुधा महागडे मॉडेल आधी उरकले आणि तुमचं रांगेत मागं पडलं. तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं धरतो. पण तेच 14 जुन्या पद्धतीत आलं असतं का, याचं उत्तर तुमच्या त्या 33 मध्ये आहे.

उचगावकर: आलं नसतं, असं समजा. पण वर्षाचा राग आहेच.

दूधसंस्था, भुदरगड: नवा घेताना दुकानात काय विचारू तेवढं सांगा. आठ हजार परत घालवायचं न्हाईत.

कळंबा रोड: काका, विकताना कुठलं अँड्रॉइड आहे आणि तिथून पुढं किती आवृत्त्या आणि किती वर्षं सुरक्षा अपडेट, हे कंपनीच्या पानावर लिहिलेलं बघा. स्वस्तातल्या फोनांत अजून एक-दोनच लिहिलेलं असतं, आणि ते चिपमुळं की कंपनीमुळं हे बाहेरून ओळखणं मलाही जमत नाही. आणि सुरक्षा अपडेटचं विसरू नका. चिपच्या ड्रायव्हरमध्ये भोक निघालं तर त्याची दुरुस्ती अजूनही आमच्याकडूनच यावी लागते. सिस्टिम कितीही वेगळी केली तरी.

राजारामपुरी सातवी गल्ली: काका, घ्यायच्या आधी दुकानावर या. केबल लावून दाखवतो.