डोंगरगटाचं नाव: चार पर्याय, रविवारपर्यंत मत द्या

मंडळी, नमस्कार.

मागच्या खेपेला प्रत्येकी एकच मत होतं. १३ मतं आली. डोंगरवेडे ३, डोंगरयात्री ३, डोंगरभटके २ आणि 'सह्याद्री यूके' ५. म्हणजे आठ जणांना 'डोंगर' हवा होता, पण तीन नावांत ती मतं फुटली आणि पाच मतांचं नाव पुढे गेलं. मला ते पटलं नाही, म्हणून पुन्हा विचारते आहे. या वेळी जी जी नावं चालतील, ती सगळी लिहा. सर्वाधिक जणांना चालणारं नाव ठरेल.

डोंगरवेडे. तिघांतलं हे एकच ठेवलं आहे.
घाटवाट. कोकणातून देशावर चढणारी जुनी वाट, नाणेघाटासारखी.
नेढं. कड्याला आरपार पडलेलं भोक.
खिंड. माझं मत याला. यर विद्वाला पिग ट्रॅकने जाताना आपण ज्या बूल्ख अ मोखवर थांबलो, त्यातल्या 'बूल्ख'चा वेल्श अर्थ खिंडच. तिथून उजवीकडची वाट क्रिब गॉखच्या धारेवर जाते. धुक्यात आपले दोघं तिकडे वळले होते, आणि हाका मारून त्यांना परत आणलं ते त्याच जागेवरून. गटाची खरी सुरुवात मला तिथे वाटते.

रविवारी रात्री ९ पर्यंत इथेच उत्तर द्या.

— कार्डिफहून

ताई, घाटवाट आणि खिंड दोन्ही चालतील. नेढं नको, ते फक्त राजगडावर आहे. एका गडाचं नाव सगळ्यांनी का घ्यावं?

— रेडिंगहून

काका, राजगडाचं सुवेळा माचीवर आहे, पण रतनगडाच्या माथ्यावरही नेढं आहे. वाऱ्यात त्यात बसून मी डबा खाल्लाय. सुईच्या नेढ्यावरूनच हा शब्द आला. अडचण वेगळी आहे. रोमनमध्ये Nedha लिहिलं की आमची मुलं 'नेधा' वाचतात. Ghatvat चंही 'घटवत' होतं. Khind सरळ वाचता येतं. माझी मतं: खिंड, डोंगरवेडे.

— लीड्सहून

मी येते आहे, पण गुडघ्याचा पट्टा नवीन घेतलाय. पेन-इ-पासला गाडी लावायला जागा आधी राखून ठेवावी लागते का? मागे सकाळी ७ ला पोचलो तरी जागा मिळाली नव्हती.

— स्लाउहून

वहिनी, हो, राखून ठेवा. गाड्यांचं मी वेगळ्या मेलमध्ये लिहिते. इथे नावाचं मत तेवढं कळवा.

— कार्डिफहून

ताई, खिंड म्हटलं की मला पावनखिंडच आठवते. शनिवारच्या फिरायच्या गटाला ते नाव देताना मन कचरतं. मी घाटवाट आणि डोंगरवेडे लिहितो. खिंड ठरलं तर मात्र अडवणार नाही.

— ब्रिस्टलहून

दादा, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मत बदलायचं असेल त्यांनी रविवारच्या आत पुन्हा लिहा, शेवटचं उत्तर धरीन. आतापर्यंत तिघांची मतं आली, माझं धरून चार. खिंड ३, घाटवाट २, डोंगरवेडे २, नेढं ०. नऊ जण बाकी आहेत.

— कार्डिफहून