मदत हवी आहे: बांधलेल्या गिऱ्हाइकांना उधारीत माल द्यावा का, आणि द्यायचा तर भावात किती धरावं? (नागपूर)

चक्कीवाला_नागपूर
नमस्कार मंडळी. पूर्व नागपुरात माझी मिरची-मसाल्याची चक्की आहे. कळमन्यातून मिरची आणतो, देठं खुडून, वाळवून दळतो आणि सावजी भोजनालयं, खानावळी, मेस यांना पोचवतो. आतापर्यंत माल टाकला की पैसे, असंच चालायचं. आता दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं म्हणून राहिली, "भाऊ, महिन्याचं खातं ठेवा, सगळेच देतात." खरंही आहे, इतवारीतला एक जण देऊन राहिला.

माझा हिशेब असा. तिखट २६० रुपये किलोनं देतो. मिरची, दळण, थैली, पोचवणं धरून मला २३६ ला पडतं. अडत्याला आठवड्याच्या आत पैसे द्यावे लागतात, त्यासाठी बँकेची सीसी आहे, १२ टक्क्यांची. ज्याचं सर्वांत टुमणं आहे तो महिन्याला १०० किलो नेतो. तो ३० दिवस म्हणतो, पण बाजारात त्याची ख्याती ५० दिवसांची आहे.

उधारी द्यावी का? आणि दिली तर किलोमागे किती वाढवू? दोन रुपये पुरतील असं वाटते, पण पक्कं समजत नाही.

सेंट्रिंगवाला
भाऊ, उधारी म्हणजे डोक्याला ताप. माझं सेंट्रिंगचं सामान भाड्यानं जाते. ठेकेदार स्लॅब पडेपर्यंत गोड बोलतो, प्लेटा परत आल्या की फोन उचलत नाही. मी आता आगाऊ डिपॉझिट घेतो. तुम्हीही डिपॉझिट घ्या.

चक्कीवाला_नागपूर
दादा, प्लेटा परत येतात, तिखट रश्श्यात जाते. डिपॉझिट मागितलं तर भोजनालयवाला हसून दुसऱ्याकडे जाईल.

उद्यमी_विदर्भ
उगाच घाबरता. उद्यम नोंदणी काढा आणि बिंधास्त उधार द्या. कायद्यानं ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. वरून वेळेत पैसे न दिल्यास समोरच्याला आयकरात तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. समोरचा आपसूक सरळ होतो.

जुना_मुनीम
उद्यमी भाऊ, अर्धं बरोबर आहे. ४५ दिवस ही वरची मर्यादा, तीही लेखी करार असेल तर. लेखी काही नसेल तर १५ दिवस. आणि हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. चक्कीवाले स्वतः दळतात, म्हणून त्यांना लागू होईल. तेच हळदीची पोती आणून जशीच्या तशी विकली तर ते व्यापारी. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिराच्या पैशांचा फायदा त्यात येत नाही.

आयकराचा दट्ट्या मोठ्या कंपनीला बसतो. उलाढालीच्या ठरावीक टक्क्याला नफा धरून कर भरणाऱ्या छोट्या भोजनालयाला त्याचं काही वाटत नाही. आणि जिथं तुम्ही रोज माल टाकता त्याच्यावर अर्ज ठोकणार का? नोंदणी असू द्या, पण तिच्या भरवशावर उधारी देऊ नका.

आता चक्कीवाल्यांचा हिशेब मांडू. तो १०० किलो नेतो म्हणजे महिन्याला २६,००० चा माल. ५० दिवसांनी पैसे देतो म्हणजे त्याच्याकडे कायम साधारण ४३,३०० रुपये अडकलेले असतील. त्यात तुमच्या खिशातले, म्हणजे २३६ च्या हिशेबानं, ३९,३०० च्या आसपास. सीसीचं व्याज महिन्याला १ टक्का, म्हणजे ३९३ रुपये. १०० किलोवर वाटले की किलोला ४ रुपये. तुमचे दोन रुपये इथंच संपले. ३० दिवस धरून हिशेब केला तर सव्वादोन-अडीच येतात, म्हणून दोन जवळ वाटले असतील. पण तो तोंडानं बोलतो ते दिवस धरायचे नाहीत, त्याचा हात देतो ते धरायचे.

हे सीसीत जागा असेल तोवर. सीसी भरली आणि बाहेरून २ टक्के महिन्यानं उचलले तर तेच ८ रुपये होतात. शिवाय बिल फाडलं की जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, गिऱ्हाइकानं दिलेला असो वा नसो. ५ टक्केच आहे, पण तोही तुमच्या खिशातून आधी जातो.

चक्कीवाला_नागपूर
मुनीमजी, म्हणजे २६४ लावले की झालं?

जुना_मुनीम
नाही. व्याज हा यातला स्वस्त भाग आहे. खरा खर्च बुडण्याचा. तुमचा नफा किलोला २४, म्हणजे या गिऱ्हाइकाचा महिन्याला २,४०० रुपये. तो एक दिवस शटर पाडून गेला तर ३९,३०० गेले. भागाकार करा: त्याच्याच सोळा महिन्यांच्या नफ्यावर पाणी.

समजा असं वर्षात वीसांतल्या एकाचं होते. हा आकडा तुमच्या बाजाराचा तुम्ही धरा, मी उदाहरणाला घेतला. ३९,३०० भागिले २०, भागिले १२ महिने, म्हणजे दर गिऱ्हाइकामागे महिन्याला १६४. किलोला दीड रुपयाच्या वर. वसुलीच्या चकरा, पेट्रोल, पोऱ्याचा वेळ यांना रुपया-दीड रुपया धरा. झाले ७ रुपये.

फक्त हे सात रुपये "उधारीचे" म्हणून मागू नका. भाव २६७ छापा आणि जागच्या जागी पैसे देणाऱ्याला ७ रुपये सूट बिलावरच दाखवा. बिलावर सूट दाखवली की जीएसटीही कमी रकमेवर लागतो. उलट मागून व्याज लावायला गेलात तर भांडण होते, आणि उशिराचं व्याज घेतलंच तर त्यावरही कर लागतो.

मेसवाली_काकू
मी समोरच्या बाजूनं बोलते. विद्यार्थ्यांची मेस चालवते. पोरं महिन्याच्या पाच-सात तारखेला पैसे देतात, म्हणून मी दुकानदाराला दहा तारखेला देते. मी बुडवणारी नाही, माझे पैसेच त्या वेळी येतात. परीक्षा संपून पोट्टे गावी गेले की दोन महिने हात आखडतो, तेव्हा मी मालही कमी घेते.

पण भोजनालयवाला? त्याच्या गल्ल्यात रोज दुपारी आणि रात्री रोख पडते. त्याला महिन्याची उधारी कशाला हवी, हे मलाच समजत नाही. ते पैसे तो दुसरीकडे फिरवत असेल.

जुना_मुनीम
काकूंनी नेमकं पकडलं. उधारीची मुदत गिऱ्हाइकाच्या गल्ल्यावर ठरवायची. मेसला दहा तारीख ठीक. भोजनालयाला आठवड्याचं खातं, दर सोमवारी वसुली. आठवड्याच्या खात्यात त्याच्याकडे फार तर सहा हजार अडकतात आणि त्याचं व्याज किलोला साठ पैशांच्याही आत. बुडाला तरी अडीच महिन्यांचा नफा जाईल, सोळा नाही.

आणि एक गोष्ट डोक्यात ठेवा. २६७ चा भाव घासाघीस न करता लगेच कबूल करणाऱ्यापासून जरा सावध. ज्याला पैसे द्यायचे असतात तो रुपया-रुपयासाठी भांडतो. ज्याला द्यायचेच नसतात त्याला भाव कितीही चालतो.

उद्यमी_विदर्भ
बरं, १५ दिवसांचं मान्य. पण सोमवार-सोमवार वसुली म्हणजे चार पट चकरा. तो खर्च धरला का?

जुना_मुनीम
माल टाकायला पोऱ्या जातोच. मागचं बिल घेतल्याशिवाय पुढची थैली उतरवायची नाही, एवढंच त्याला सांगायचं. वेगळी चकर होत नाही. मात्र पोऱ्या भिडस्त असेल तर हे चालणार नाही, ते मान्य.

चक्कीवाला_नागपूर
पोऱ्या भिडस्त नाही, मीच आहे. समोरचा म्हणाला "भाऊ, परवा नक्की", की मी थैली उतरवून येतो.

अजून एक. मिरचीची आवक भरात असताना मी सीसीतले पैसे लावून वर्षभराची थोडी मिरची शीतगृहात टाकतो. पैसे उधारीत अडकले तर ती खरेदी कमी होईल. ते कुठं धरू?

जुना_मुनीम
हा प्रश्न चांगला आहे, आणि याचं एक उत्तर नाही. हंगामात सीसी काठोकाठ भरली असताना अडकलेल्या रुपयाची किंमत १२ टक्के राहत नाही. स्वस्तातली मिरची हातची गेली तर पुढं चढ्या भावानं घ्यावी लागते, तो फरक म्हणजे त्या रुपयाची किंमत. पण भाव पडतोही, तेव्हा उलट वाचलात म्हणायचं. म्हणून भावात धरू नका, मर्यादेत धरा. खरेदीच्या महिन्यांत एकूण उधारी अमुक रकमेच्या वर जाऊ द्यायची नाही, असा आकडा ठरवून भिंतीवर लिहा.

सेंट्रिंगवाला
बुडणारा आधी ओळखायचा कसा, ते सांगा. माझा तर शेवटपर्यंत चहा पाजत होता.

जुना_मुनीम
चहावरून नाही समजत, खात्यावरून समजते. बिलाची रक्कम देणं बंद करून तो "हे दोन हजार जमा करा" म्हणायला लागला, म्हणजे कोणत्या बिलाचे ते त्यालाही माहीत नसते. दुसरं, जुनं बाकी असताना अचानक ऑर्डर वाढवतो. तिसरं, त्याच्याकडे दुसऱ्या चक्कीच्या थैल्या दिसू लागतात, कारण तुमच्याकडे तोंड दाखवायची सोय उरलेली नसते. यातलं एक दिसलं तर विचारा. दोन दिसली तर त्या दिवसापासून रोखीनंच.

मेसवाली_काकू
तिसरं नेहमी खरं नसते हो. मी दोन दुकानांतून घेते, एकाचा माल संपला तर पोरं उपाशी राहू नयेत म्हणून.

जुना_मुनीम
मान्य, काकू. म्हणूनच एकट्यावर निकाल लावायचा नाही म्हटलं.

चक्कीवाला_नागपूर
सगळ्यांचे आभार. सध्या असं ठरवतो: भाव २६७, जागेवर पैसे दिले तर २६०. भोजनालयांना सोमवारचं खातं, मेसला दहा तारीख. त्या ५० दिवसवाल्याला दोन आठवड्यांच्या वर एक किलो नाही. गेला तर गेला.

एक गाठ सुटत नाही. बाबांच्या वेळेपासूनचा एक खानावळवाला आहे. त्याच्याकडे आधीचेच चौदा हजार राहिले आहेत, दोन वर्षं होत आली. त्याला नवीन खातं उघडून देऊ का? नाही म्हणायला घरचेच तयार नाहीत.

जुना_मुनीम
जुनं आणि नवीन एकाच पानावर ठेवू नका. जुन्या बाकीवर त्याची तारखेसह सही घ्या. मालाच्या पैशांच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते आणि मुदतीत लेखी कबुली मिळाली की ती तिथून नव्यानं धरली जाते. नवीन माल रोखीनं द्या, आणि दर बिलात जुन्यातले दोनशे-तीनशे घ्या. घरच्यांचं काय करायचं ते मला विचारू नका.

उद्यमी_विदर्भ
मी तर म्हणतो, चौदा हजार सोडा आणि नातं ठेवा. माझ्या वडिलांनी तेच केलं असतं.

जुना_मुनीम
सोडायचे तर सोडा, पण वहीत बुडीत म्हणून लिहून सोडा. येणं म्हणून तसेच पडून राहिले की पुढच्या गिऱ्हाइकाला किती उधारी द्यायची, ते ठरवताना तेच चौदा हजार तुम्ही आपल्याकडे आहेत असं धरता.

मेसवाली_काकू
चक्कीवाले भाऊ, दहा तारखेला देणाऱ्याला २६७ म्हणता, पण दहा तारीख म्हणजे काही ५० दिवस नव्हेत. माझा हिशेब वेगळा करा, मग बोलू.

चक्कीवाला_नागपूर
काकू, माल महिनाभर थोडाथोडा जातो आणि पैसे पुढच्या दहाला, म्हणजे सरासरी पंचवीस दिवस. व्याजाचे दोन रुपये, बाकीचे मिळून २६३-२६४ बसतील. बुडण्याचे किती धरायचे ते तुम्हीच सांगा.