मदत हवी आहे: गेमिंगसाठी वापरलेला गॅलेक्सी एस२१ एफई घेतोय, काय काय तपासू?

उसाचा_रस: उद्या संध्याकाळी कराडला एकाचा फोन बघायला जातोय. एस२१ एफई, एक्सिनॉसवाला, १३ हजार सांगतोय. मला काम एकच, बीजीएमआय, रोज दोन-अडीच तास. तो म्हणतो बॅटरी एकदम कडक आहे आणि बिल नोव्हेंबर २०२२ चं असल्यामुळे २०२७ च्या दिवाळीपर्यंत अपडेट येणार. दुकान नाही, त्यामुळे परत द्यायची सोय नाही. लॅपटॉप सोबत नेऊ शकतो.

जुनं_ते_सोनं: सॅमसंग मेंबर्स ॲपात बॅटरीची तपासणी असते. तिथे "चांगली" आलं की डोळे झाकून घे. मी दोन फोन असेच घेतले.

मावशी_नाशिक: माझा आयफोन ११ बॅटरी ८३ टक्के दाखवतो. बदलू का रे? गेम नाही खेळत, नातवाचे व्हिडिओ बघते.

चार_बोटं: मावशी, दिवस निघत असेल तर राहू द्या.

सोनं, ॲप खोटं बोलत नाही, पण त्या एका शब्दात नवी बॅटरीही बसते आणि बरीच झिजलेलीही. रस, लॅपटॉप नेच. विकणाऱ्याला विचारून यूएसबी डीबगिंग चालू कर आणि हे टाक:

```
adb shell dumpsys battery
```

खाली `mSavedBatteryAsoc` दिसलं तर तो मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली त्याचा आकडा. `mSavedBatteryUsage` ला १०० ने भाग, साधारण किती वेळा पूर्ण चार्ज झाला ते कळतं. काही फोनांवर तिथे -1 येतं, मग काही करता येत नाही. आणि बाहेर कुठे बॅटरी बदलली असेल तर जुनाच आकडा चिकटून राहतो. म्हणून खेळूनही बघ. चार्जर काढ, ब्राइटनेस नेहमीची ठेव, सलग अर्धा तास खेळ. माझ्या हिशोबाने नवी बॅटरी असताना हा फोन १४-१५ टक्के खातो.

अपडेटचं गणित त्याचं चुकलंय. ते बिलापासून मोजत नाहीत. हे मॉडेल जानेवारी २०२२ ला अँड्रॉइड १२ वर आलं. चार अपग्रेड म्हणजे १६ शेवटचं, आणि सुरक्षा अपडेट पाच वर्षं, म्हणजे २०२७ च्या सुरुवातीपर्यंत. बिल कधीचंही असो.

स्क्रीनसाठी डायलरवर `*#0*#` दाब, लाल-हिरवा-निळा रंग भरून दिसतो. पण खेळणाऱ्याच्या फोनवर खरी खूण करड्या रंगावर सापडते. साधा राखाडी फोटो पूर्ण स्क्रीनवर उघड, ब्राइटनेस कमी कर, आणि नकाशाचा कोपरा व डावीकडची जॉयस्टिकची जागा बघ. तिथे भुतासारखी आकृती दिसली तर तो फोन तुझ्याइतकाच खेळलेला आहे.

जुनं_ते_सोनं: फॅक्टरी रीसेट मारला की बॅटरी सुधारते, हेही कर म्हणावं त्याला.

चार_बोटं: बॅटरी खाणारं एखादं ॲप असेल तर तेवढं जाईल. सेल झिजलाय तो रीसेटने भरत नाही. आणखी एक, रस: बोटाचा ठसा स्क्रीनवरच लावून बघ आणि सेटिंगात १२० हर्ट्झ आहे का ते बघ. स्वस्तातली डुप्लिकेट स्क्रीन बसवली असेल तर बहुतेकदा या दोनपैकी एक गायब असतं.

उसाचा_रस: जाऊन आलो. आधी तो केबल लावू देत नव्हता, "हॅक करतोस का" म्हणाला. त्याच्याच समोर करून दाखवलं:

```
temperature: 412
mSavedBatteryAsoc: 79
mSavedBatteryUsage: 81400
```

हे खेळून झाल्यावरचं. ६८ वरून ५० वर आला. ठसा चालतो, १२० आहे. करड्यावर डाव्या कोपऱ्यात फिकट गोल दिसतो, तोही राखाडी फोटो लावल्यावरच, एरवी नाही.

चार_बोटं: ८१४ चार्ज आणि ७९ टक्के. अर्ध्या तासात १८ गेले, नवीन असता तर १४ च्या आसपास, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात. बॅटरी मूळचीच असावी. तापमान ४१.२ अंश, खेळल्यावर चालतं. अधिकृत सेवा केंद्राला फोन करून बॅटरीचा खर्च विचार आणि तेवढे १३ मधून कमी करायला सांग.

उसाचा_रस: विचारलं. तो साडेअकरावर आलाय, खाली यायला तयार नाही. त्या गोलाचं काय? वाढत जातो का?

चार_बोटं: जाणार नाही हे नक्की. किती वाढेल ते तू त्याच जागी बटण ठेवतोस की हलवतोस त्यावर. मी माझी जॉयस्टिक थोडी वर सरकवली होती, पण सवय मोडायला महिना गेला.

मावशी_नाशिक: साडेअकरा जास्त आहेत. दहा म्हण आणि गप्प बस, तोच फोन करेल.