व्हॉट्सअ‍ॅपची निळी खूण: अर्ज नाकारला, पुरावा नक्की कसला द्यायचा?

अर्धविराम
मंडळी, मदत हवी आहे. आम्ही मुलांसाठी विज्ञानाचे संच बनवतो. ऑर्डरचे निरोप एपीआयवरच्या नंबरवरून जातात. कोणीतरी आमचा लोगो लावून दुसऱ्याच नंबरवरून ग्राहकांकडे पैसे मागतंय, म्हणून खूण हवी आहे. कंपनीची कागदपत्रं मेटाकडे तपासून झाली, व्यवसाय 'व्हेरिफाइड' दिसतो. तरीही Official Business Account चा अर्ज नाकारला, कारण काय तर व्यवसाय पुरेसा 'प्रसिद्ध' नाही. नोंदणीचा दाखला आणखी स्पष्ट स्कॅन करून पाठवू का?

तिरकीट
इतका उपद्व्याप कशाला? मेटा व्हेरिफाइडचं मासिक शुल्क भरा, खूण मिळते. आमच्या दुकानाला मिळाली.

रानजाई
तिरकीट, तुमचं खरं आहे, पण ती वाट मुळात फोनमधलं बिझनेस अ‍ॅप वापरणाऱ्यांसाठी निघाली. अर्धविरामांचा नंबर एपीआयवर आहे. त्यांनी आधी आपल्या खात्यात तो पर्याय दिसतो का ते पाहावं.

अर्धविराम, स्कॅनच्या मागे लागू नका. दाखला फक्त तुम्ही खरे आहात एवढंच सांगतो, आणि ते तर मान्य झालंय. दुसरा प्रश्न वेगळा आहे: या नावाबद्दल त्रयस्थ माणसांनी, आपणहून, कुठे लिहिलंय का? अर्जात पाच दुवे देता येतात, निकाल त्यांवर बराच अवलंबून असतो. तुम्ही कुठले दिले होते?

अर्धविराम
आमची वेबसाइट, फेसबुक पान, व्यवसायांच्या यादीतली नोंद, आणि दोन बातम्या. बातम्या एका जाहिरात एजन्सीने 'छापून आणल्या' होत्या.

रानजाई
मग पाचही वाया गेले. पहिले दोन तुमचेच, तिसरी नोंद कोणालाही करता येते. एजन्सीच्या बातम्या तर पैसे देऊन आलेल्या, त्या धरत नाहीत. ओळखायला सोपं आहे: तोच मजकूर शब्दशः चार साइटवर सापडतो, नाहीतर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रायोजित' असतं.

स्वतःची साइट वगळून शोधा:

```
"ब्रँडचं नाव" -site:example.com
```

जे उरेल त्यातून असे लेख निवडा ज्यांचा विषयच तुम्ही आहात. दहा कंपन्यांच्या यादीत एक ओळ आली असेल तर तो दुवा ठेवून फारसा उपयोग नाही. कमी भरले तरी चालतील, पण भरताड नको.

कोरीपाटी
माझ्या इन्स्टाग्रामवर पन्नास हजार लोक आहेत तरी नाकारलं! मी पण हेच करू?

रानजाई
कोरीपाटी, तिथला अर्ज वेगळा आहे, पण मेख तीच. अनुयायांची संख्या हा पुरावा नव्हे, बातम्या लागतात. नवा धागा काढलात तर बोलू, इथे गुंता होईल.

अर्धविराम
शोधलं. एका दैनिकाने आमच्या संचांवर अर्धं पान दिलं होतं, शिक्षकांच्या एका मासिकात परीक्षण आहे आणि एक मुलाखत आहे. घोळ असा की दैनिकातला लेख जुन्या नावाने आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही नाव बदललं.

रानजाई
इथेच अर्ज अडकतात. तपासणारा माणूस खात्यावरचं नाव वाचणार आणि लेखात तेच शोधणार. 'आमच्याविषयी' पानावर "पूर्वीचं नाव अमुक" असं ठळक लिहा, तळाला कंपनीचं नोंदणीकृत नाव टाका. मग जुना लेख तुमचाच, हे त्याला निदान जोडता येईल.

तिरकीट
जुन्या नावाचा लेख मी तरी दिला नसता. शंकेला जागा कशाला?

रानजाई
असंही म्हणता येईल. पण अर्ध्या पानाचा लेख सोडून दिला तर मागे उरतं काय? मी तो ठेवला असता, मात्र तिसऱ्या क्रमांकावर. आणि हो, त्या नंबरवर दोन टप्प्यांची पडताळणी चालू आहे ना? ती नसेल तर अर्जच पुढे जात नाही.

अर्धविराम
चालू आहे. पण पुन्हा अर्ज करायला नकारापासून तीस दिवस थांबायचंय, अजून अकरा बाकी आहेत. तोवर तो तोतया मोकळाच.

रानजाई
त्याच्यासाठी खुणेची वाट पाहू नका, खुणेने तो नंबर बंद होणार नाही. ग्राहकांना त्या चॅटमधूनच तक्रार करायला सांगा, आणि तुमचा खरा नंबर वेबसाइटवर व बिलावर छापा. खूण मिळाली तर फायदा एवढाच की नंबर साठवलेला नसला तरी ग्राहकाला तुमचं नाव दिसेल, शेजारी खूण.

अर्धविराम
पान बदललं, मासिकाचा दुवा पहिला ठेवलाय. अकरा दिवसांनी अर्ज टाकतो आणि काय झालं ते इथेच लिहितो. तोपर्यंत कोणाकडे जुन्या नावाचा लेख देऊन मंजुरी मिळाल्याचा अनुभव असेल तर जरूर सांगा.