मदत हवी आहे: आरोग्य विमा वर्षाचा एकरकमी भरू की दरमहा?

हिशोबी_नाही
नूतनीकरणाची तारीख जवळ आली आहे. वर्षाचा हप्ता एकरकमी २४,००० रुपये आणि मासिक घेतला तर २,१०० रुपये. सोबत जिमचंही ठरवायचंय: वर्षाचे १२,०००, महिन्याचे १,५००. पैसे हाताशी आहेत, त्यामुळे सोयीचा प्रश्न नाही. खरोखर स्वस्त काय पडेल, एवढंच सांगा.

तळ्याकाठी
सोपं आहे. २,१०० गुणिले १२ म्हणजे २५,२००. जास्तीचे १,२०० म्हणजे ५ टक्के. एफडीला ७ टक्के मिळत असतील तर पैसे तिथे ठेवा आणि मासिक भरा. २ टक्के तुमचे.

आकडेमोड
तळ्याकाठी, १,२०० बरोबर आहेत, पण ५ टक्के २४,००० वर धरू नका. पहिला हप्ता तर आजच जातो. म्हणजे कंपनीने तुमच्याकडे राहू दिले ते २१,९००, आणि तेही दर महिन्याला कमी होत जाणार. सरासरी काढली तर वर्षभर तुमच्याकडे साधारण साडेदहा हजारच राहतात, आणि त्यावर १,२०० मोजायचे. एक्सेलमध्ये हे टाकून बघा:

```
=RATE(11,-2100,21900)*12
```

उत्तर येतं सुमारे १०.८ टक्के. हा त्या मासिक सोयीचा खरा व्याजदर.

सूत्र नको असेल तर हातानेही पडताळता येतं. २४,००० बाजूला ठेवा आणि दरमहा त्यातून २,१०० काढा. अकरा हप्ते गेल्यावर मूळ रकमेतले ९०० उरतात. तोवर उरलेल्या शिलकीवर ७ टक्क्यांनी सुमारे ७३० रुपये व्याज जमतं. म्हणजे हातात १,६३०, आणि बारावा हप्ता २,१०० चा. ४७० रुपये खिशातून. शिवाय दर महिन्याला काढायची रक्कम एफडीत ७ टक्के कुठे देते? मुदतीआधी मोडली की दर घसरतो, आणि व्याजावर कर वेगळा.

तळ्याकाठी
हं, शिलकीचा मुद्दा निसटला. तरी मासिकात एक फायदा आहेच: मध्येच कंपनी आवडली नाही तर सोडता येते. वर्षाचे भरले की अडकलात.

पावतीवाली
आरोग्य विम्यात तसं अडकत नाही. क्लेम घेतला नसेल तर वार्षिक पॉलिसीही रद्द करता येते आणि उरलेल्या काळाचा हप्ता त्या प्रमाणात परत मिळतो. उलट मासिकात दोन गोष्टी बघा. हप्ता चुकला तर सवलतीचे दिवस १५, वार्षिकाला ३०. आणि क्लेम आला की त्या वर्षाचे उरलेले हप्ते सहसा क्लेमच्या रकमेतूनच वळते करून घेतात. तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात दाखल झालात तर नऊ हप्ते एकदम. म्हणजे मासिकाने वर्षाचा खर्च वाचत नाही, फक्त पुढे ढकलला जातो.

बँक खात्यात पैसे नसल्याने ऑटो-डेबिट परतलं आणि १५ दिवसही निघून गेले, तर पॉलिसी खंडित होते. मग जुन्या आजारांच्या प्रतीक्षाकाळाचं मोजलेलं वर्ष पाण्यात. ते ४७० रुपयांपेक्षा फार महाग आहे.

गाडीवान
माझी गाडीची पॉलिसी तीन वर्षांची एकदम घेतलेली आहे, त्यातही हाच हिशोब लागू होतो का? मध्येच गाडी विकायची आहे.

आकडेमोड
गाडीवान, तो वेगळा प्रश्न. विकताना पॉलिसी नव्या मालकाच्या नावावर होऊ शकते. त्यासाठी नवा धागा काढा, इथे घोळ होईल.

हिशोबी_नाही, जिमचा हिशोब विम्यासारखा करू नका. विमा बाराही महिने लागतोच, जिमला जाणं मात्र तुमच्या हातात. १२,००० भागिले १,५०० म्हणजे ८. आठ महिने पूर्ण गेलात तर दोन्ही सारखे, नववा महिना लागला की वार्षिक स्वस्त. पावसाळ्यात दोन महिने आणि दिवाळी-लग्नसराईत एकेक सुटला, तरी तुम्ही नेमके आठवरच येता. त्यामुळे आधी मासिकाने दोन-तीन महिने जा, मग ठरवा. वार्षिक घ्यायचंच असेल तर पावतीवर ‘सदस्यत्व थांबवण्याची’ अट लिहून घ्या. तोंडी आश्वासन मालक बदलला की संपतं.

तळ्याकाठी
तीन महिने मासिकाने गेलात तर ४,५०० आधीच गेले, मग वार्षिकाचे १२,००० वेगळे. हेही धरा.

आकडेमोड
बरोबर. आणि शंका असेल त्यालाच ते ४,५०० पटतील.

हिशोबी_नाही
विम्याचं ठरलं, वार्षिक. पण आताच कळलं की दुसऱ्या एका कंपनीकडे मासिक २,००० आणि वार्षिक २४,०००, म्हणजे जास्तीचं काहीच नाही. मग तिथे मासिक घ्यावं का?

पावतीवाली
तिथे व्याज तुमच्या खिशात राहतं, सात-आठशे. १५ दिवसांची जोखीम तेवढ्यासाठी घ्यायची का, ते तुमच्या खात्यातल्या शिलकीवर आहे. मी तरी नसती घेतली.

तळ्याकाठी
मी घेतली असती.