कड्यावरचा मधखाऊ काल्पनिक प्राणी: प्रॉम्प्टमधून पटण्याजोगी शरीररचना कशी मिळवावी?

शाईदौत (कोथरूड):
नमस्कार. कुमारवयीन वाचकांसाठीच्या एका कादंबरीची चित्रे मी काढत आहे. तिच्यात ‘पोळेमोड्या’ नावाचा एक काल्पनिक प्राणी आहे. तो ताम्हिणीच्या बाजूच्या कड्यांवर राहतो आणि आग्या मधमाश्यांची पोळी फोडून खातो. अंतिम चित्र मी हातानेच काढणार आहे, परंतु आराखड्यासाठी चित्र तयार करणाऱ्या एका एआय साधनाची मदत घेत आहे. माझा प्रॉम्प्ट असा होता: “सह्याद्रीच्या कड्यावर राहणारा, मध खाणारा, चपळाईने चढणारा काल्पनिक प्राणी, अचूक शरीररचना, अत्यंत तपशीलवार.”

चाळीसेक चित्रे निघाली. कडा प्रत्येक वेळी सुरेख आला. प्राणी मात्र बिबट्याच्या अंगावर सरड्याचे खवले चिकटवल्यासारखा दिसतो. पुढचे पाय मानेतून फुटल्यासारखे वाटतात, पावले खडकाला धरत नाहीत, नुसती टेकलेली असतात आणि एका चित्रात तर प्राण्याच्या शेजारी मधाची बरणी ठेवलेली आहे. अधिवास, आहार आणि हालचाल या तिन्ही गोष्टी सांगूनही शरीर पटण्याजोगे का होत नाही?

सिंहगडवारी:
माझ्या मते आपण प्राण्याचे नावच घातले नाही, ही चूक झाली. कड्यावर चढण्यात शेळीचा हात कोणी धरत नाही, म्हणून ‘शेळीसारखे खूर’ असे लिहावे. तानाजींच्या घोरपडीची आख्यायिका आपल्याला ठाऊक आहेच, तेव्हा अंग घोरपडीचे द्यावे. सुतारपक्षी जसा शेपटी खोडाला टेकवून बसतो, तशी जाड शेपटीही द्यावी, म्हणजे प्राणी खडकावर घट्ट बसेल.

बुधवारी_बाजार:
मूर्ती बनवून घ्यायची असेल तर शाडूपेक्षा रेझिन बरे. बारीक नखे शाडूत टिकत नाहीत.

शाईदौत:
मूर्ती नाही, पुस्तकातले चित्र आहे. तरीही आभार.

अस्थिपंजर:
मी पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षे शरीररचना शिकवली आणि गेली दोन वर्षे नातवंडांसाठी असेच विचित्र प्राणी तयार करून पाहत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट अशी की ‘कड्यावर राहणारा’ हे शब्द साधनासाठी पार्श्वभूमीचे वर्णन ठरतात. कडा सुरेख आला तो त्यामुळेच. कड्यावर राहणाऱ्याचे खांदे कसे असतील, हा विचार ते स्वतःहून करीलच असे नाही. तो आपण करायचा आणि त्याचा डोळ्यांना दिसणारा परिणाम तेवढा प्रॉम्प्टमध्ये लिहायचा. ‘मध खाणारा’ लिहिल्यावर बरणी आली, हेही त्याच जातीचे. ‘अचूक शरीररचना’ या शब्दांनी तर काहीच हाती लागत नाही, कारण त्यांतून काढण्याजोगा एकही अवयव सांगितला जात नाही.

आता ‘चढणारा’ या शब्दाकडे पाहू. सिंहगडवारी यांनी सुचवलेली शेळी उत्तम चढते हे खरे, पण ती एका कपारीवरून दुसरीवर उडी मारते. सरळ भिंतीला ती बिलगत नाही. तिला गळ्याखालचे आडवे हाड नसते, त्यामुळे तिचे पुढचे पाय छातीखाली मागेपुढे चालतात, बाजूला फाकून कवळा घालू शकत नाहीत. शेकरूला ते हाड असते. त्याचे पुढचे पाय बाजूला पसरतात आणि कोपरे अंगाबाहेर येतात. आपल्या सह्याद्रीचा कातळ लाव्हाच्या थरांचा असल्यामुळे त्यात कपारीही आहेत आणि दोन कपारींमधले उभे टप्पेही आहेत, म्हणून कड्यावर राहायला दोन्ही शरीरे चालतील. पण आग्या मोहोळ कुठे असते? ते पुढे झुकलेल्या कातळाच्या पोटाला, उघड्यावर, एकच मोठे पोळे होऊन लटकलेले असते आणि त्याची रुंदी मीटरभर असू शकते. तिथे शेळीला उभे राहायला जागाच नाही. म्हणजे आहारानेच हालचाल ठरवली: हा प्राणी वरून, डोके खाली करून उतरणार, मागच्या पायांवर लटकणार आणि पुढच्या पायांनी पोळे तोडणार.

शेपटीचा मुद्दाही इथेच सुटतो. सुतारपक्षी डोके वर ठेवून बसतो, म्हणून खाली टेकवलेली शेपटी त्याचा भार घेते. डोके खाली केले की शेपटी वर जाते आणि तिचा टेकू उरत नाही. त्यापेक्षा तोल सांभाळणारी लांब, हलकी शेपटी ठेवावी.

मीनल_खेळघर:
मी पत्त्यांच्या खेळासाठी दलदलीतला प्राणी करत होते, त्यात मला प्राण्याचे नाव घालण्याचा फटका बसला. ‘बगळ्यासारखे पाय’ लिहिले की चोच, पिसे आणि पांढरा रंगही हजर. शेवटी ‘लांब, बारीक पाय, पसरलेली लांब बोटे’ असे लिहिल्यावर बगळा गेला. ‘पंख नकोत’ लिहिल्यावर उलट पंख आले होते. नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असेल तरच नकार लिहावा, असे मी आता ठरवले आहे.

शाईदौत:
अस्थिपंजर सर, आपल्या सांगण्यावरून नवा प्रॉम्प्ट लिहिला. साधनाला मराठीतला ‘कडा’ कधी किनार वाटतो, म्हणून इंग्रजीत भाषांतर करून दिला, पण मूळ मजकूर असा आहे:

“चार पायांचा सस्तन प्राणी, उभ्या काळ्या कातळाला पोट लावून बिलगलेला, डोके जमिनीकडे. छाती रुंद, पुढचे पाय बाजूला पसरलेले, कोपरे अंगाबाहेर. प्रत्येक पायाला पाच लांब बोटे, आकडेदार नखे खडकाच्या भेगेत अडकलेली. शरीराची लांबी शेजारच्या मीटरभर पोळ्याएवढी, शेपटी तेवढीच लांब. बाजूने दिसणारे दृश्य, चारही पावले स्पष्ट.”

वजनाचा आकडा लिहून काही फरक पडला नाही. पोळे शेजारी ठेवल्यावर मात्र आकार लगेच जमला. खांदेही सुधारले. पण डोके खाली करायला साधन तयारच होत नव्हते: दहापैकी आठ चित्रांत प्राणी वर चढतानाच दिसला आणि उरलेल्या दोनांत मान मोडल्यासारखी फिरली होती. शेवटी वर चढणारे एक चांगले चित्र निवडून मी ते सरळ उलटे केले. ही युक्ती चालेल का?

अस्थिपंजर:
खांद्यांसाठी चालेल, मागच्या पायांसाठी चालणार नाही. वर चढताना मागच्या पायांची बोटे डोक्याकडे, म्हणजे वर असतात आणि नखे वरच्या भेगेत अडकून शरीराचे ओझे पेलतात. तेच चित्र उलटे केले की बोटे जमिनीकडे वळतात. खाली वळलेले नख काय अडकवणार? प्राणी निसटून दरीत जाईल. खार आणि शेकरू खोडावरून डोके खाली करून उतरतात तेव्हा मागचे पाऊल घोट्यातून फिरवून जवळजवळ मागे वळवतात, म्हणजे बोटे शेपटीकडे होतात आणि नखे पुन्हा वरून धरतात. पोळेमोड्याच्या शरीराची किल्ली हीच आहे.

एवढी एकच गोष्ट साधनाकडून मिळवायची असेल तर पूर्ण चित्र पुन्हा मागू नये. मागच्या दोन पावलांपुरता भाग निवडावा आणि तेवढाच नव्याने काढायला सांगावा: “पाऊल घोट्यातून मागे वळलेले, टाच खाली, बोटे वर शेपटीच्या दिशेने, तळवा खडकाला टेकलेला.” साधन ज्या आकड्यावरून चित्राची सुरुवात करते तो, म्हणजे सीड, धरून ठेवता येत असेल तर तो तसाच ठेवून एका वेळी एकच वाक्य बदलावे, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली, हे कळत नाही. उलट्या चित्रात केसांची लोंब आणि उजेडाची दिशाही चुकते, पण आपण अंतिम चित्र हाताने काढणार असल्यामुळे ते सोडून द्यावे.

पडताळणीची माझी पद्धत साधी आहे. चित्रावर पारदर्शक थर घेऊन पुढच्या पायावर खांदा, कोपर आणि मनगट, मागच्या पायावर खुबा, गुडघा आणि टाच असे ठिपके द्यावेत आणि ते रेषांनी जोडावेत. कोपराचे टोक मागे आणि गुडघ्याचे पुढे आले पाहिजे. ज्याला लोक ‘उलटा गुडघा’ म्हणतात ती बहुधा टाच असते. पुढच्या आणि मागच्या जोडीत हाडांची लांबी डावी-उजवी जुळली नाही, तर ते चित्र कितीही देखणे असले तरी टाकून द्यावे.

सिंहगडवारी:
शेळी मागे घेतो. पण तोंडाचे काय? फक्त मध आणि अळ्या खाणार असेल तर सुळ्यांची गरज नाही, तेवढे तरी बरोबर ना?

अस्थिपंजर:
पूर्ण बरोबर म्हणता येणार नाही. आपले अस्वल वाळवी आणि मध आवडीने खाते, त्याचे वरचे मधले दोन दात नसतात, ओठ लांब असून पुढे काढता येतात आणि नाकपुड्या हवे तेव्हा मिटतात. तरीही सुळे आहेतच, कारण दात केवळ खाण्यासाठी नसतात. मी सुळे ठेवीन, पण तोंड मिटलेले दाखवीन. नाहीतर साधन जबडा वासून गुरगुरणारा चेहरा देते.

चेहऱ्यासाठी मधुबाजाकडे पाहावे. हा शिकारी पक्षी मधमाश्या आणि गांधीलमाश्यांची पोळी फोडतो आणि त्याच्या डोळ्यांभोवती खवल्यांसारखी दाट, आखूड पिसे असतात, ती दंशापासून वाचवतात. आपल्या पहिल्या चित्रात अंगभर विनाकारण पसरलेले खवले इथे कामाला येतील: फक्त डोळ्यांभोवती आणि ओठांवर. प्रॉम्प्टमध्ये ‘मधमाश्यांपासून संरक्षण’ असे लिहू नये, नाहीतर चिलखत मिळेल. “डोळ्यांभोवती आखूड, दाट, कठीण खवले, नाकपुड्या चिरेसारख्या, कान लहान, डोक्याला चिकटलेले” एवढे पुरे.

शाईदौत:
काल रात्री पावलांचा भाग चार वेळा नव्याने काढून घेतला. तिसऱ्या वेळी टाच खाली आणि बोटे वर आली, मात्र बोटे सहा झाली. ती मी हाताने दुरुस्त करीन. चेहरा जमला. लेखिकेला दाखवल्यावर तिने एकच प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही: आग्या मधमाश्या ऋतूनुसार स्थलांतर करतात, मग पावसाळ्यात कडे पोळ्यांविना असतील तेव्हा हा प्राणी काय खाईल? मी खेकडे म्हणाले.

अस्थिपंजर:
ताम्हिणीच्या पावसात खेकड्यांना तोटा नाही. पण खेकड्याचे कवच फोडायचे तर चपट्या, भक्कम दाढा आणि गालाचे जाड स्नायू हवेत, म्हणजे आत्ता जमलेला निमुळता चेहरा रुंद होईल.

मीनल_खेळघर:
चेहरा बदलू नका, त्याला पावसाळाभर कपारीत झोपू द्या.

अस्थिपंजर:
मग त्याआधी अंगावर चरबी साठवावी लागेल आणि जड प्राण्याला नखांवर लटकणे कठीण जाते. मी अजून खेकड्यांच्याच बाजूने आहे, पण लेखिकेला विचारून पाहावे.