अनुभव धागा: भरतीच्या व्हिडिओत पगार किती खरा सांगावा?

भोसरीकर: भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. 9 सीएनसी-व्हीएमसी, 22 माणसं. ऑपरेटर मिळेनात म्हणून गेल्या वर्षी व्हिडिओ केला, त्यात "पगार 20,000" म्हटलं. तिघं आले, पहिल्या पगारानंतर दोघं गेले. हातात 17,850 पडले होते. आता दीड मिनिटाच्या नव्या स्क्रिप्टमध्ये पगाराची स्लिपच दाखवणार आहे. बेसिक-डीए 15,000 वर पीएफ 1,800, ईएसआय 150, प्रोफेशनल टॅक्स 200, आणि हातात येणारा आकडा सगळ्यांत मोठा. वाचणार आमचा सेटर. तुमचे अनुभव सांगा, कामगार म्हणून किंवा मालक म्हणून.

रात्रपाळी: एका ठिकाणी मला "25 ते 30 हजार" सांगितले होते. रोज चार तास ओव्हरटाइम धरून, तोही सिंगल दराने! कायदा दुप्पट सांगतो. तुमच्या 20,000 ला 26 दिवस, 8 तास धरले तर तासाचे 96 होतात, ओव्हरटाइमचे 192. हे सेटरच्या तोंडून वेगळं येऊ द्या, पगारात मिसळू नका.

शॉपवाला: सोपा उपाय आहे. बेसिक 10,000 ठेवा, बाकी भत्ते. पीएफ 1,200 होईल, हातात 600 जास्त.

पगारपत्रक: दादा, हातात जास्त येतील हे खरं. पण मालकाच्या वाट्याचे 600 कामगाराच्या खात्यातून जातात, ते त्याला कोण सांगणार? शिवाय घरभाडं सोडून सगळ्यांना सरसकट दिलेला भत्ता पीएफसाठी वेतनातच धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलंय.

आईच्या नजरेतून: माझ्या मुलाने आयटीआय फिटर केलंय, घ्याल का? आणि रात्रपाळीला जेवण असतं का, सकाळी घरी यायला गाडी मिळते का, हेही दाखवा. मुलं विचारत नाहीत, घरचे विचारतात.

भोसरीकर: ताई, फिटरची जागा नाही हो. जेवणाचं मात्र लिहून घेतलं. कँटीन दिवसपाळीलाच आहे, तेही सांगावं लागेल.

जुना सेटर: मला "तीन वर्षांत प्रोग्रामर" म्हणाले होते. शॉपमध्ये प्रोग्रामर एकच आणि तो हलणारा नव्हता. स्क्रिप्टमध्ये साधं म्हणा: "दोन पाळ्यांना दोन सेटर आहेत. जागा रिकामी झाली तरच बढती. तोवर टूल बदलणं, ऑफसेट घेणं शिकवू." आवाज केबिनमध्ये रेकॉर्ड करा, मशीनजवळ काही ऐकू येत नाही. आणि टेबलावरचं गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

रात्रपाळी: एक विचारू? जुन्या ऑपरेटरांना किती देता?

भोसरीकर: दोघांना 19,000. तिथेच अडलोय. व्हिडिओ त्यांच्याही फोनवर जाणार. आधी त्यांचा वाढवायचा, की आकडा न दाखवता शूट करायचं? भागीदार दुसरं म्हणतोय.